ऊस पुढे, तू मागे

जानेवारी म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टींचा हंगाम, उसाचा आणि रस्ता सुरक्षा अभियानाचा. अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रांगेनं निघतात. ऊस मागं इतका लोंबतो की लाल दिवा असलाच तर पाचटाखाली झाकून जातो. रात्री मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती समोर आल्यावरच.

यंदा आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी याच विषयावर तीन पोस्टरं केली. तिन्ही 10 बाय 5 फुटांची. मी रोज एसटीनं लातूरला जाणारा माणूस, म्हणून पोरं म्हणाली, "सर, बसमधून कोणतं चांगलं दिसतं ते तुम्हीच सांगा." गावाबाहेर अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर ती लावली गेली आणि मी डाव्या बाजूची खिडकी धरून बसू लागलो.

पहिलं पोस्टर काळं-लाल. चुरडलेली मोटारसायकल, रक्ताचा सडा, कवटी, आणि 'एक चूक, संसार उद्ध्वस्त'. दुसरं विनोदी. हारतुरे घालून सजवलेला ऊस ट्रॉलीत बसलाय आणि खाली ओळ: 'ऊस जाऊ दे गाळपाला, तू कशाला जातोस?' तिसरं एकदम साधं. पिवळ्या पाटीवर काळी ट्रॉली आणि 'पुढे ट्रॉली, वेग कमी'. शिवाय तिन्हींवर एक पट्टा होता, मान्यवरांच्या फोटोंचा. फ्लेक्स आणि फोटो नाहीत, हे आमच्या भागात लग्न आणि वरण नाही म्हटल्यासारखं आहे.

पहिल्याच दिवशी माझा हिरमोड झाला. तिन्ही पोस्टरं रस्त्याला समांतर, कुंपणाच्या भिंतीला चिकटवलेली. बस ताशी 54 किलोमीटरनं धावत असली तर सेकंदाला 15 मीटर जाते. भिंत खिडकीपासून 8 मीटरवर. पोस्टर फार तिरकं झालं की अक्षरं चेपतात, म्हणून नीट वाचता येण्याजोगा रस्ता सोळाएक मीटरचाच. म्हणजे हातात एक सेकंद, त्यातही एसटीची खिडकी थरथरणार आणि काचेच्या चौकटीची उभी पट्टी नेमकी डोळ्यांपुढं येणार. एका सेकंदात मी वाचलं ते 'संसार', आणि मान्यवरांपैकी एकाची मिशी.

फ्लेक्सवाल्या मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, अक्षर मोठं केलंय की, सहा इंच!" त्यांच्या धंद्यातला अंदाज असा की इंचभर उंचीचं अक्षर पंचवीस-तीस फुटांवरून वाचता येतं. पण तो अंदाज बांधला गेलाय इंग्रजी मोठ्या अक्षरांवर. आपल्याकडं वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं की सहा इंच भरतात आणि वाचायला लागणारं अक्षराचं पोट उरतं जेमतेम निम्मं. त्यात 'उद्ध्वस्त'सारखा शब्द! जाड ठशात त्यातल्या जोडाक्षरांच्या फटी बुजतात आणि लांबून शिरोरेखेखाली नुसती काळी गाठ दिसते. याउलट 'ऊस'. दोन अक्षरं, दोन्ही मोकळी, लांबूनही ओळखू येणारी.

मग आम्ही पोस्टरं भिंतीवरून काढली आणि बांबूंवर उभी केली, बसच्या येण्याच्या दिशेला अर्धवट वळवून. तसं केल्यावर साधारण चाळीस मीटरपासून दहा मीटरपर्यंत वाचता येऊ लागलं. दोन सेकंद मिळाले. दोन सेकंदांत हलत्या बसमधला माणूस चार-पाच शब्द वाचतो. पोरांना घरच्या घरी करायची एक युक्तीही सापडली. 10 फुटी पोस्टर 40 मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच ते मोबाईलवर साडेचार सेंटिमीटर रुंद करून हातभर लांब धरल्यावर दिसतं. आईला दोन सेकंद दाखवायचं, झाकायचं आणि काय वाचलंस ते विचारायचं. छापायच्या आधी हे केलं असतं तर भिंतीवरचं प्रकरण कागदावरच मिटलं असतं.

दिसण्याचा प्रश्न असा सुटला. लक्षात राहण्याचा उरला. त्यासाठी मी लातूर येईपर्यंत गप्प बसायचो आणि स्टँडवर उतरताना शेजारपाजारच्यांना विचारायचो, "रस्त्यात काही पोस्टरं दिसली का हो?" आधी विचारलं तर माणूस परीक्षेला बसल्यासारखा बघतो, मग सगळंच लक्षात राहतं. पोस्टर दाखवून 'हे पाहिलं का?' विचारण्यातही अर्थ नाही. आपल्याकडं भिडेखातर माणूस हो म्हणतो.

विनोदी पोस्टर जिंकलं. "ते उसाचं नवरदेव" म्हणून बहुतेकांनी सांगितलं आणि वर हसले. मला शंका आली, कारण ते पोस्टर गतिरोधकाजवळ होतं, बस तिथं आपसूक हळू व्हायची. म्हणून दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. तरी नवरदेव पहिला. मग मी पुढचा प्रश्न जोडला, "त्यात काय करा म्हणलंय?" इथं सगळे अडकले. कुणी म्हणालं हेल्मेट घाला, कुणी म्हणालं दारू पिऊन गाडी चालवू नका. एक आजोबा म्हणाले, "उसाला भाव द्या म्हणलंय." चित्र डोक्यात राहिलं होतं, निरोप मात्र वाटेतच उतरला होता.

पिवळ्याचं उलटं. आठवणारे कमी, पण ज्यांना आठवलं त्यांनी "ट्रॉली दिसली की हळू व्हायचं" एवढं चोख सांगितलं.

आणि रक्ताचं पोस्टर? ते बऱ्याच जणांनी पाहिलं होतं, पण त्याबद्दल बोलायला कुणी राजी नव्हतं. एक बाई तर म्हणाल्या, "काय विचारूलालाव सर, मी तोंडच फिरवलं." त्यांच्या घरात काय घडलं होतं ते मी विचारलं नाही. ज्यांनी वाचायला हवं तेच तोंड फिरवत असतील तर कवटीचा उपयोग काय? अमेरिकेत टेक्सास राज्यात महामार्गावरच्या विजेच्या फलकांवर महिन्यातून एक आठवडा त्या वर्षीच्या अपघाती मृत्यूंचा आकडा झळकायचा. हॉल आणि मॅडसन या संशोधकांनी त्या आठवड्यांची बाकीच्यांशी तुलना केली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की आकडा झळकताना फलकापुढच्या 10 किलोमीटरांत अपघात कमी व्हायच्या ऐवजी सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढले. त्यांचा अंदाज, धसका बसलेलं मन काही काळ रस्त्यावरून उडतं. आमच्या पोस्टरचे वाचक हातात स्टिअरिंग नसलेले प्रवासी, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथं लावणार नाही. पण त्याच रस्त्यावर मोटारसायकलवालेही असतात.

माझी चौकशी म्हणजे काही शास्त्र नव्हे. डाव्या खिडकीतल्या आणि जागं असलेल्या माणसांपुरतीच ती, आणि एसटीत सकाळी जागं कोण असतं? तरी चौथं पोस्टर करायला तेवढी पुरली. पिवळी पाटी ठेवली, कवटी काढली, हार घातलेला ऊस ट्रॉलीच्या मागच्या टोकाला लोंबता ठेवला आणि काय करायचं तेच गमतीत घातलं: 'ऊस पुढे, तू मागे'. चार शब्द, एकही जोडाक्षर नाही.

या वेळी उतरताना विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "उसाला ओव्हरटेक करायचं नाही." अगदी तेच सांगायचं नव्हतं, अंतर ठेवा म्हणायचं होतं. पण दारू आणि हमीभावाच्या मानानं पुष्कळ जवळ आला.

फ्लेक्सवाला मात्र छपाईआधी अडून बसला होता. "सर, फोटोची पट्टी कुठं घ्यायची?" अक्षरांना जागा लागणार होती, फोटो काढले तर वर्गणी जाणार होती. शेवटी त्यानंच तोड काढली. फ्लेक्सच्या पाठीवर दुसरा फ्लेक्स लावला, त्यावर सगळे मान्यवर. आता लातूरकडं जाताना ऊस दिसतो आणि परत येताना ते हात जोडून उभे असतात. संध्याकाळच्या बसमध्ये मी उजव्या खिडकीत बसतो आणि दोन सेकंदांत किती ओळखता येतात ते मोजतो. अजून तिघांच्या पुढं गेलो नाही.