हार खोटाच राहू दे

फ्रेंच कथाकार मोपासाँची ती हाराची गोष्ट संपत आली की मी दर वेळी पुस्तकाशी भांडते. गोष्ट १८८४ सालची, शेवट मला तोंडपाठ, तरी भांडते. मतिल्द नावाची एका साध्या कारकुनाची बायको मेजवानीला मिरवायचं म्हणून मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांचा हार मागून आणते. तो त्याच रात्री हरवतो. नवराबायको छत्तीस हजार फ्रँकला हुबेहूब तसाच हार घेऊन गुपचूप परत करतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. एका रविवारी मैत्रीण रस्त्यात भेटते, मतिल्द ताठ मानेने सगळं सांगून टाकते, आणि मैत्रीण म्हणते, अगं, माझा हार तर खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा!

त्या दिवशी भांडण जरा वाढलं आणि मी वही ओढली. म्हटलं, बघू आपल्याला दुसरं काही सुचतंय का.

पहिला शेवट तासाभरात झाला. मादाम फोरेस्तिए दुसऱ्या दिवशी सकाळी हार घेऊन मतिल्दच्या दारात येते, दोघी गळ्यात गळा घालून रडतात, कारकूनही डोळे पुसतो. लिहिताना मीही रडले. संध्याकाळी मूळ गोष्टीला जोडून सलग वाचलं आणि लाजच वाटली. माणसांची नावं तीच होती, पण गोष्ट सांगणारा माणूस बदलला होता. मोपासाँ दहा वर्षांचे हाल कसे सांगतो? खरकट्या भांड्यांवर झिजलेली गुलाबी नखं. पाण्याची बादली घेऊन जिना चढताना दर मजल्यावर दम खायला थांबणं. नवऱ्याचं रात्री पानाला पाच सू अशा चिल्लर दराने मजकुराच्या नकला उतरवत बसणं. एवढ्यात सगळी दहा वर्षं. पुढे एकदाच क्षणभर थबकतो, हार हरवलाच नसता तर काय झालं असतं, कोण जाणे म्हणतो, आणि चालू लागतो. असा माणूस शेवटच्या पानावर रुमाल वाटत फिरणार नाही.

दुसऱ्या शेवटात मी जास्त हुशारी केली. हार खराच होता, मादाम फोरेस्तिए खोटं बोलली, असं दाखवलं. कारण? उपकाराचं ओझं नको म्हणून, किंवा जुना काही राग असेल म्हणून. कारण नंतर शोधू, असं म्हणून पुढे सरकले. (‘कारण नंतर शोधू’ असं मनात आलं की लेखणी खाली ठेवावी, हे तेव्हा कळत नव्हतं.) मग मागचं पान पुन्हा चाळताना एक वाक्य सापडलं, आजवर नुसतं नजरेखालून गेलेलं. हार हरवल्यावर दोघं डबीच्या आत ज्या जवाहिऱ्याचं नाव आहे त्याच्याकडे जातात. तो वह्या बघून सांगतो की हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार.

फक्त डबी! म्हणजे भारी डबीत हलका माल आहे, हे मोपासाँने आपल्याला अर्ध्या वाटेवरच सांगून ठेवलं होतं. मैत्रिणीने हार मागताक्षणी, काहीही आढेवेढे न घेता दिला, तेही त्यातलंच. आणि हार परत आल्यावर तिने डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. उशीर केलास, मला लागला असता तर, एवढंच फणकाऱ्याने म्हणाली. हार खोटा आहे हे शेवटच्या वाक्यात उघड होतं, पण ठरलेलं असतं पहिल्यापासून. तो खरा करायचा तर मागची तीन-चार पानं फाडावी लागतील, आणि मग ती माझी गोष्ट झाली, त्याची नाही.

तर हार खोटाच राहू दे. बदलायचं काय उरलं? हे कुणाला कळतं आणि कुणाच्या तोंडून. जागा छोटी होती, पण आता निदान ती दिसत होती.

मादाम फोरेस्तिए गप्प राहिली तर? स्वभावाला शोभलं असतं. ती फटकळ आहे, पण दुष्ट नाही. मूळ शेवटातही हेलावून मतिल्दचे दोन्ही हात धरते. मतिल्द ‘तुला कळलंच नाही ना!’ म्हणून अभिमानाने, भाबडेपणाने हसतेय, ते हसू मोडायला तिची जीभ रेटली नाही, असं सहज होऊ शकतं. अडचण वेगळीच. ती गप्प राहिली तर वाचकाला कळणार कसं? मोपासाँ मतिल्दच्या खांद्यावरून जग बघतो, मैत्रिणीच्या मनात जवळजवळ शिरतच नाही. ‘ती मनात म्हणाली’ असं लिहिलं की सूर गेला.

दोन दिवस तिथेच अडकले. मग पुन्हा वाचताना लक्षात आलं की त्या रस्त्यावर तिसरं माणूस आहे! मादाम फोरेस्तिएच्या बरोबर एक मूल आहे. मुलगा की मुलगी, मोपासाँ सांगत नाही, आणि आपल्या मराठीतही ‘मूल’ म्हटलं की काही सांगावं लागत नाही. त्या मुलाला मूळ गोष्टीत काही कामच नाही. मी त्याची मुलगी केली. खोटा समजलेला, डबीत पडून असलेला हार दहा वर्षांत घरातल्या लहान मुलीच्या हाती जाणार नाही तर कुठे? मतिल्दच्या हसण्यापर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि पुढे एवढंच लिहिलं:

मादाम फोरेस्तिएने तिचे दोन्ही हात हातात घेतले. ती काही बोलली नाही. मुलीने तिचा झगा ओढला.
“आई, म्हणजे माझ्या बाहुलीचा हार?”

मी खूश. मूळ गोष्ट कधीच न वाचलेल्या मैत्रिणीला सगळी कथा वाचायला दिली, कोणता भाग माझा ते न सांगता. वाचून म्हणाली, “बाप रे, हिऱ्यांचा हार बाहुलीला? केवढी श्रीमंत असेल ती बाई!”

झालं. जवाहिऱ्याचं वाक्य तिच्याही नजरेखालून निसटलं होतं, मग दोष काय द्यायचा. मागच्या पानांना हात लावायचा नाही हे मीच ठरवलेलं, त्यामुळे जे करायचं ते त्या एका ओळीतच. आधी मादाम फोरेस्तिएच्या तोंडी एक वाक्य घातलं, ते खुलासा देतंय असं वाटलं, काढलं. मतिल्दचं हसू मावळल्याचं लिहिलं, तेही काढलं; मूळ शेवटात ऐकणारीचा चेहरा दाखवलेला नाही, मीही दाखवणार नाही. शेवटी मुलीच्या वाक्यात एक शब्द वाढवला.

“आई, म्हणजे माझ्या बाहुलीचा काचेचा हार?”

काचेचा, हे त्या पोरीला घरातच कुणीतरी सांगितलं असणार. तिच्या दृष्टीने ती साधी माहिती आहे, बाहुलीच्या झग्याचा रंग सांगावा तशी. छत्तीस हजारांचे हिरे काच म्हणून खेळले गेले, हे बाकीचं वाचकाने जुळवायचं. मूळ शेवटापुढे हा थोडा नाटकी आहे, हे मला मान्य आहे. मोपासाँला पोराच्या तोंडून बोलायची गरज पडली नाही.

मैत्रिणीला सुधारलेली ओळ पाठवली. बराच वेळ काहीच नाही. रात्री उशिरा तिचा निरोप आला: “ती बाहुली अजून आहे ना त्यांच्याकडे?”