साठ की आठ

मालवणजवळच्या एका घरी मी महिन्याभरात दोनदा गेलो. तक्रार एकच: टीव्हीचा आवाज फुटतो, बोललेलं कळत नाही. पहिल्या वेळी मी स्पीकरची जोडी बदलून पैसे घेऊन आलो होतो. किनाऱ्यावर काम केलेल्या कुणालाही तेच सुचेल. खाऱ्या हवेने स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवा गंज चढतो. इथेही थोडा चढला होता, आणि तो दिसल्यावर मी पुढचा विचारच केला नाही.

परत गेलो तेव्हा व्हॉल्यूम ५० वर होता. सूनबाई म्हणाल्या, "तात्यांचे कानच गेलेत, डॉक्टरांकडे नेऊन आणलंय." तात्या झोपाळ्यावर बसून होते. म्हणाले, "माका ऐकाक येता रे. पण बोलतत काय, ता कळणत नाय." बाजारभावाच्या बातम्यांत साठ म्हणाले की आठ, ते कळत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग होता.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बहिरा' ठरवून मोकळं होण्याची घाई मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. 'ऐकायला येतं पण कळत नाही' ही तर तक्रारीची सगळ्यात नेमकी भाषा आहे. 'साठ'मधला 'स' म्हणजे नुसती बारीक, तीक्ष्ण फुसफुस, ४,००० हर्ट्झच्याही वरची. ती हरवली की उरतं ते 'आठ'. वय झालं की कानातून आधी हाच वरचा भाग कमी होतो. पण तात्यांच्या बाबतीत टीव्हीसुद्धा तोच भाग गिळत होता.

टीव्ही होता हॉलच्या कोपऱ्यात, दोन चिरेबंदी भिंतींच्या बेचक्यात, सागवानी कपाटाच्या खणात तिरका ठेवलेला. पूर्वीच्या डबा टीव्हीला स्पीकर पडद्याच्या बाजूला असायचे, तोंड थेट आपल्याकडे. आताच्या बहुतेक पातळ टीव्हींना पुढे जागाच नसते, म्हणून ते खालच्या कडेला बसवतात, तोंड जमिनीकडे. मी खाली हात घातला तर जाळीखाली विणलेला जाड रुमाल, दुहेरी घडी करून अंथरलेला. शिवाय टीव्ही फळीच्या पुढच्या कडेपासून चांगला वीतभर आत.

जड आवाजाची लाट लांब असते. २०० हर्ट्झची लाट साधारण १.७ मीटरची. ती भिंतीवरून परतते तेव्हा मूळ लाटेच्या जवळजवळ बरोबरीनेच चालते आणि तिच्यात भर घालते. कोपऱ्यात दोन भिंती, खाली फळी, वर खणाचं छत, म्हणजे चारही बाजूंनी भर. म्हणून आवाज घुमतो, मडक्यात तोंड घालून बोलावं तसा. ४,००० हर्ट्झची लाट मात्र साडेआठ सेंटिमीटरची. ती बरीचशी सरळ रेषेत जाते. इथे ती सरळ रुमालात जात होती. व्हॉल्यूम वाढवला की घुमणंच वाढायचं, शब्द होते तिथेच.

माझ्या पेन ड्राइव्हवर मुलीच्या आवाजात आकडे रेकॉर्ड केलेले आहेत. ते लावले, व्हॉल्यूम २५ वर आणला. तात्यांनी साठला आठ म्हटलं, सातला आठ म्हटलं. मग रुमाल काढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा स्पीकरखाली तिरका धरला, खालचा आवाज झोपाळ्याकडे वळेल असा. व्हॉल्यूमला हात लावला नाही. तात्या झोपाळा थांबवून म्हणाले, "साठ." पुढचेही बरोबर आले, एक सोडून.

खरं तर टीव्ही झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर लावायला हवा होता. पण ती पश्चिमेची. पावसाळ्यात तिला पाझर फुटतो, तिथे टीव्ही लावला तर दोन वर्षांत बोर्ड जाईल. म्हणून आतल्या कोरड्या भिंतीलगत बुटकं टेबल ठेवलं, कोपऱ्यापासून अडीच-तीन फूट सरकवून, आणि टीव्ही त्याच्या अगदी कडेला आणला. मागे चार बोटं हवेला जागा सोडली. मेनूत बेस दोन घर खाली केला. काकी रुमालासाठी हटून बसल्या, शेवटी तो सेट टॉप बॉक्सखाली गेला. बातम्या आता २४ वर लागतात.

नवे स्पीकर काढून जुने मल्टिमीटरवर तपासले. ८ ओहमचे स्पीकर ७ च्या आसपास दाखवतात तसेच दाखवत होते, आणि कोन दाबून पाहिला तर कुठे घासतही नव्हता. टर्मिनल घासून, पुन्हा झाळून तेच बसवले आणि पैसे परत दिले. तात्या घेत नव्हते, मी झोपाळ्यावर ठेवून आलो.

पडवीवर पत्रा आहे. जुलैत त्यावर पाऊस पडायला लागला की ही मांडणीही पुरणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. तेव्हा टीव्हीच्या पुढे, पडद्याखाली, तोंड समोर असलेला छोटा साउंडबार लावू. पण कपाटात नाही.