टिपूसही नाही

“आप्पा गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही म्हणे. इतकं घट्ट मन कसं हो तुमचं?”

मन घट्ट नाही. अश्रुग्रंथी निकामी होत आल्या आहेत. आठ वर्षांपूर्वी मला शोग्रेन सिंड्रोमचं निदान झालं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते. डॉक्टरांनी गाळणकागदाची बोटभर लांब, ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि ५ मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. मग पट्टीवर ओल किती उतरली ते मोजलं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा फारच कोरडा समजतात. माझी उजवीकडची २ भिजली, डावीकडची १. कांदा चिरताना माझे डोळे झोंबतात, पण पाणी येत नाही.

रडू मात्र येतं. आवंढा येतो, हनुवटी थरथरते, श्वास तुटतो. मी पहिल्यापासून आवाज न करता रडणारी आहे, त्यामुळे पाणी गेल्यावर बाहेरून दिसण्यासारखं फारसं काही उरलं नाही. हे मी नातेवाइकांना सांगितलं नव्हतं. आजार सांगितला की लोक सल्ले देतात, म्हणून टाळलं. ती माझी चूक होती, असं आज वाटतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर काही बदललं असतं का, याची खात्री अजूनही नाही.

त्या दिवशी कराडच्या घरात सकाळी नऊपर्यंत माणसं जमली होती. धाकटी बहीण दारातून आत आली आणि कोसळलीच. तिचा चेहरा भिजला होता. चार बायकांनी तिला धरलं, कुणी पाणी दिलं, काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी आप्पांच्या पायांशी बसले होते. माझ्या पाठीवर कुणाचाही हात आला नाही. उलट चुलतभावाने विचारलं, “ताई, पुण्याच्या लोकांना फोन झाले का? भटजींचा नंबर तुझ्याकडे आहे ना?” मी नंबर दिला. फोन केले. मृत्यूच्या दाखल्यासाठी आधार कार्ड शोधून दिलं.

थोड्या वेळाने बायका कुजबुजू लागल्या. आत्याने आप्पांची टोपी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि बाकीच्यांना म्हणाली, “रडवा गं तिला. आत राहिलं तर छातीत बसेल.” ती हे मायेनेच म्हणाली, याबद्दल मला शंका नाही. टोपीला आप्पांच्या तेलाचा वास होता. माझ्या आत जे काही व्हायचं ते सगळं झालं आणि पंधरा-वीस बायका माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. काहीच दिसेना, तशी एक जण उठून चहाचं बघायला गेली. दुसरी म्हणाली, “शॉक बसलाय.” तिसरी जे म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही, पण तुमचा प्रश्न तिथूनच आलेला आहे.

डोळे जळायला लागले म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन थेंब घातले. हे थेंब मला दर दोन तासांनी घालावेच लागतात. डोळ्यात एरवी पाणी असतं जेमतेम ७ मायक्रोलिटर, फार तर ३० मावतं. बाटलीतला एक थेंब ४० च्या आसपास भरतो. त्यामुळे उरलेलं गालावर ओघळतंच. घाईत मी ते पुसलं नाही आणि तशीच बाहेर आले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बहिणीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं आणि येऊन मला कवटाळलं. “रड बाळा, रड.” चुलतभावाने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

तासाभरापूर्वी माझं दुःख जेवढं होतं, तेवढंच तेव्हाही होतं. फरक होता तो औषधाच्या दोन ओघळांचा. काकूंच्या खांद्यावर मी हमसून हमसून रडले. त्या रडण्याला मात्र आवाज होता.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या मेरीलँडमधले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. रडणाऱ्या माणसांचे फोटो घ्यायचे, त्यांच्या गालांवरचे अश्रू संगणकावर पुसायचे आणि दोन्ही प्रकारचे फोटो लोकांना दाखवायचे. चेहरा तोच, भुवया त्याच, ओठ तसेच मुडपलेले. तरीही अश्रू पुसलेला चेहरा लोकांना कमी दुःखी वाटला. काहींना तर तो दुःखी न वाटता गोंधळलेला किंवा विचारात पडलेला वाटला. मी तो निबंध वाचला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या सकाळी मी अश्रू पुसलेला फोटो होते.

यावरून मी काही महिने सगळ्यांना ठासून सांगत होते की अश्रू दुसऱ्यांसाठीच असतात. इतर प्राणी विव्हळतात, हाका मारतात, पण भावनेने डोळ्यांतून पाणी काढतो तो माणूसच. आवाज दूरवर जातो, वैऱ्यालाही कळतो. पाणी फक्त जवळच्याला दिसतं, नजर धूसर करतं, मी आता झुंजू शकत नाही हे कबूल करतं. ही मांडणी मला अजूनही पटते. पण ती मी रागाने वापरत होते, जणू बहीण दाखवायला रडली. तसं नव्हतं. ती रात्री एकटी न्हाणीघरातही रडत होती, तिथे बघायला कोण होतं?

शिवाय तिला मिळालेल्या मायेचीही किंमत होती, ती मला उशिरा दिसली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अश्रू असलेला चेहरा लोकांना अधिक प्रेमळ वाटला, पण कमी सक्षमही वाटला. आमच्या घरी नेमकं तेच झालं. बँकेचं, सातबाऱ्याचं, वारसनोंदीचं, काहीही तिला विचारलं गेलं नाही. “तिला कशाला त्रास?” सगळं माझ्याकडे आलं. एकदा ती मला म्हणाली, “मी रडले म्हणून मला काही कळत नाही असं ठरवलंत तुम्ही.” त्या “तुम्ही”मध्ये मीही होते.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दहाव्याला प्रीतिसंगमावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. तेव्हा थेंबांची वेळ झालेली नव्हती. तरी मी गाडीत जाऊन दोन्ही डोळ्यांत घातले आणि पुसले नाहीत. ते ढोंग होतं, असं मी स्वतःला अनेकदा बजावलंय. मग स्वतःलाच विचारते, जे आत खरंच होतं ते दिसावं म्हणून बाहेरून पाणी आणलं, तर त्यात खोटं नेमकं काय होतं? काकू पुन्हा जवळ आल्या. यावेळी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आता मी आजाराबद्दल सांगते. लोक मान डोलावतात, “असं होय” म्हणतात आणि बोलता बोलता नजर परत माझ्या डोळ्यांकडे जाते. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. थेंब घरून घालून निघायचं की तिथे गेल्यावर घालायचे, ते अजून ठरलेलं नाही.