आमची वाटचाल : तोंडी ऑर्डरपासून चार कागदांपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाइपचं छोटं युनिट आहे. सुरुवातीला एकच मशीन होतं आणि गिऱ्हाइकं म्हणजे यावल-रावेर पट्ट्यातली ओळखीची दुकानं. फोन यायचा, "त्रेसष्टचे दोनशे नग पाठवा." गाडी भरायची, सोबत बिल जायचं, पैसे बाजाराच्या दिवशी मिळायचे. एक ऑर्डर, एक गाडी, एक बिल, एक पेमेंट. सगळा व्यवहार दोन्हीकडच्या माणसांना तोंडपाठ असायचा.

चोपडा, धुळे, शहादा इकडचे डीलर जोडले गेले तेव्हा हे सरळ गणित राहिलं नाही. एका ऑर्डरचा माल दोन गाड्यांत जाऊ लागला, तीन बिलांपोटी एकच गोल रक्कम येऊ लागली, वाटेत नग फुटू लागले. एका मार्चअखेरीला एका डीलरचा खाते उतारा आमच्या उताऱ्याशी जुळेना. बिलं दोघांकडे सारखीच होती. फरक होता तो बिलांच्या आधी आणि नंतर घडलेल्या गोष्टींत : ठरलेला दर, फुटलेले नग आणि कोणत्या बिलात धरलं ते न कळणारं पेमेंट. या गोष्टी कुठल्याच कागदावर नव्हत्या. तेव्हापासून धाकटा भाऊ आणि आमचे अकाउंटंट यांनी मिळून ऑर्डर, डिलिव्हरी चलन, बिल आणि पावती अशी साखळी बसवली. प्रत्येक कागदाने फक्त स्वतःसमोर घडलेलं लिहायचं आणि मागच्या कागदाचा नंबर सोबत न्यायचा, हा आमचा नियम.

शहाद्याच्या एका डीलरचा व्यवहार घेऊन सांगतो. आकडे समजायला सोपे म्हणून गोल दर घेतले आहेत. ऑर्डर अशी : ६३ एमएम, ४ किलो प्रेशरचे ३०० नग, दर २५० रुपये, ७५ एमएमचे २०० नग, दर ३६० रुपये. नग म्हणजे सहा मीटरची एक लांबी. माल झाला १,४७,००० रुपयांचा, १८ टक्के जीएसटी धरून १,७३,४६०.

फोनवर ऑर्डर आली तरी ती आता आम्ही नंबर टाकून लिहितो आणि डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "बरोबर आहे" एवढं उत्तर मागवतो. साइज आणि नग तर कोणीही लिहितो. भांडण होतं ते इतर ओळींवरून. आमच्या धंद्यात रेझिन या कच्च्या मालाचा भाव सतत हलतो, म्हणून दर कोणत्या तारखेपर्यंत धरला आहे ते ऑर्डरवर असलंच पाहिजे. भाडं कोणाचं, टॅक्स दरात आहे की वेगळा, पैसे किती दिवसांत, हेही तिथेच. माल दुकानात उतरवायचा की थेट शेतात, हा आमच्याकडे कळीचा प्रश्न असतो. केळीच्या जूनमधल्या मृगबागेच्या तोंडावर किंवा कांदेबागेच्या लागवडीला डीलर सांगतो, "बिल माझ्या नावाचं करा, पाइप शेतकऱ्याच्या बांधावर टाका." मग बिल कोणाचं, उतरवायचं ठिकाण कुठलं आणि तिथे सही कोण करणार, ही तिन्ही नावं आधीच लिहून ठेवतो. ऑर्डरने स्टॉक हलत नाही की कोणाच्या नावे बाकी पडत नाही. तो फक्त दिलेला शब्द आहे. पण पुढच्या प्रत्येक वादात सगळे शेवटी याच कागदावर येतात.

गाडी भरायच्या दिवशी ७५ एमएमचे १२० नगच तयार होते. मग ६३ चे ३०० आणि ७५ चे १२० भरले. इथे चलन बनतं, आणि ते ऑर्डर समोर ठेवून उतरवायचं नसतं. हमाल भरत असताना गेटवर जे मोजलं जातं तेच चलनावर येतं. ऑर्डरमधून आकडे आपोआप खाली ओढले की चलनावर २०० दिसतात, गाडीत १२० असतात आणि खालच्या थरात किती आहेत ते शहाद्याला पोचल्यावर कळतं. म्हणून गेटवरचा माणूस आधी कोऱ्या चिठ्ठीवर मोजणी लिहितो, मग ऑफिसात ती चलनात चढते. चलनावर ऑर्डर नंबर, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, निघण्याची वेळ आणि या ऑर्डरपैकी किती नग बाकी राहिले, एवढं असतं. दराची तिथे गरज नाही.

बरेच छोटे व्यावसायिक इथे गल्लत करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. "चलनावर माल जाऊ दे, बिल उद्या पाठवू" हे नेहमीच्या विक्रीत चालत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे विक्रीचा माल गेटबाहेर पडताना किंवा त्याआधी टॅक्स इन्व्हॉइस झालेलं असलं पाहिजे. नुसत्या चलनावर माल जातो तो जॉबवर्कला, किंवा पसंतीवर पाठवलेला, किंवा नियमात दिलेल्या अशाच मोजक्या कारणांसाठी. म्हणून आमच्याकडे चलन आधी बनतं, त्याच चलनावरून लगेच बिल निघतं आणि दोन्ही एकाच गाडीत जातात. मग चलनाचा उपयोग काय, असं कोणी विचारतं. बिल सांगतं किती पैसे झाले. माल खरोखर पोचला का, हे सांगणारी सही चलनावर येते.

या पहिल्या गाडीचं बिल झालं १,१८,२०० रुपयांचं, १८ टक्के जीएसटी २१,२७६, एकूण १,३९,४७६. दोघंही महाराष्ट्रातले, म्हणून टॅक्स सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अर्धा-अर्धा. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर माल असल्याने ई-वे बिलही लागलं. गाडी सोडण्याआधी भाऊ एकच गोष्ट तपासतो : चलन, बिल आणि ई-वे बिल या तिन्हींवर गाडीचा नंबर तोच आहे का. ऐनवेळी गाडी बदलली आणि एका कागदावर जुना नंबर राहिला, तर रस्त्यात तपासणी झाली की अडचण तिथेच होते.

टॅलीत हे करताना बिलाला चलनाचा Tracking No. लावावा लागतो. चलनाने स्टॉक आधीच कमी केलेला असतो. नंबर न लावता बिल केलं तर तोच माल दुसऱ्यांदा कमी होतो. अशी चूक ओळखायची असेल तर Sales Bills Pending हा अहवाल उघडावा. बिल झालेला माल तिथे अजूनही "गेला पण बिल नाही" असा दिसला, की मधला दुवा तुटलेला आहे असं समजावं.

गाडी पोचली. डीलरचा फोन आला, "माल भेटी गया, भाऊ! पण सहा नग तोंडाशी फुटेल शेतस." ड्रायव्हरच्या प्रतीवर त्यांनी लिहिलं : ६३ एमएम, २९४ चांगले, ६ फुटके, खाली सही, शिक्का, तारीख. मला हवी असते ती हीच ओळ. नुसत्या "माल मिळाला" या सहीने दोन महिन्यांनी काहीच ठरवता येत नाही.

आता बिलाचं काय? बिलाला हात लावायचा नाही. खोडून २९४ करायचे नाहीत किंवा जुनं रद्द करून त्याच नंबरचं नवंही काढायचं नाही. सहा नगांची क्रेडिट नोट काढायची : १,५०० अधिक जीएसटी २७०, म्हणजे १,७७० रुपये. त्यावर मूळ बिलाचा नंबर व तारीख आणि कारणापुढे चलनाचा नंबर. त्या बिलाची बाकी उरली १,३७,७०६. डीलरलाही आपल्याकडचं टॅक्स क्रेडिट तेवढं कमी करावं लागतं, म्हणून नोट त्याच आठवड्यात त्याच्या हातात जावी. कायद्याने टॅक्स कमी करून घ्यायला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर, मुदत असते. पण इतके दिवस ते फुटके नग कोणाच्या लक्षात राहत नाहीत. फुटक्यांच्या बदली सहा नग पाठवायचे झाले, तरी ते पुढच्या चलनावर "फ्री" म्हणून सरकवायचे नाहीत. क्रेडिट नोट वेगळी, नव्या सहा नगांचं बिल वेगळं.

दुसऱ्या गाडीत राहिलेले ७५ एमएमचे ८० नग गेले. बिल २८,८०० अधिक ५,१८४, एकूण ३३,९८४. चलनावर तोच ऑर्डर नंबर, बाकी शून्य, आणि ऑर्डर बंद. डीलरने उरलेला माल नको म्हटलं असतं, तर तेही त्याच्याकडून लेखी घेऊन ऑर्डर बंद केली असती. नाहीतर वर्षभर ८० नग "द्यायचे आहेत" असं दिसत राहतं आणि उत्पादनाचं नियोजन त्यावर चुकतं.

राहिली पावती. डीलरने एक लाख रुपये एनईएफटीने पाठवले. कोणत्या बिलाचे, ते सांगितलं नाही. आमच्या भागात असेच गोल पैसे येतात. इथे कोणत्याच बिलाला न जोडता On Account टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. खात्याची एकूण बाकी तरीही बरोबर दिसते, पण कोणतं बिल किती दिवस थकलंय ते कळेनासं होतं. म्हणून आम्ही त्याच दिवशी डीलरला विचारतो आणि पावतीवर लिहितो : पहिल्या बिलापोटी १,००,०००, त्याच बिलाची बाकी ३७,७०६. सोबत यूटीआर नंबर आणि पैसे कोणाच्या खात्यातून आले ते. पुढे ७१,६९० आले तेव्हा ३७,७०६ पहिल्या बिलात आणि ३३,९८४ दुसऱ्यात बसले. ऑर्डरच्या १,७३,४६० मधून क्रेडिट नोटचे १,७७० वजा केले की १,७१,६९०. पैसेही तेवढेच आले. चेक असेल तर पावतीवर चेक नंबर येतो आणि तो वटेपर्यंत बिल फिटलं असं धरत नाही. वसुलीला गेलेल्या माणसाच्या हाती रोख आली, तर छापील नंबरच्या पुस्तकातलीच पावती, आणि संध्याकाळी स्थळप्रतींसकट पैसे जमा.

डीलर चलनावर सहीसोबत लिहितो त्या तारखेचा आणखी एक उपयोग आम्हाला नंतर कळला. आम्ही उद्यम नोंदणी असलेले उत्पादक आहोत. एमएसएमई कायद्यात पैसे देण्याची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवस, आणि ती मोजली जाते माल प्रत्यक्ष मिळाल्यापासून. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती मिटल्यापासून. बिलाची तारीख तिथे पुरत नाही. माल कधी मिळाला आणि हरकत होती का, हे दोन्ही त्या सही केलेल्या चलनावर असतं.

सध्या चलनावर एक रकाना वाढवतो आहोत : पाइपवर छापलेला लॉट नंबर. पाइप जमिनीत गाडल्यावर तीन महिन्यांनी गळतीची तक्रार येते, आणि तो कुठल्या दिवशीच्या उत्पादनातला हे शोधायला शेतात खड्डा खणावा लागतो. आता गेटवर नगांसोबत लॉटही मोजून लिहिला जातो. एकाच साइजचे दोन लॉट गाडीत असतील तर त्यांच्या ओळी वेगळ्या.