आभाराचं पत्र

आज ट्रस्टच्या ऑफिसात एकाच पत्रावर दुपार गेली, शेतकऱ्यांच्या मुलांच्या स्कॉलरशिपसाठी पैसे देणाऱ्या काकांना आभाराचं. पहिला ड्राफ्ट नुसता 'आपल्या उदार देणगीबद्दल' वगैरे, तो फाडलाच. मग खरं काय झालं तेच लिहिलं, की कॉलेजच्या फीची तारीख पीक विकून पैसे हातात यायच्या आधी येते, मधल्या दिवसांत घरचे उधारी करतात नाहीतर पोरगी घरी बसते, यंदा तुमच्या पैशातून फी वेळेत थेट कॉलेजला गेली आणि एकीचं दुसरं वर्ष वाचलं. तिचं नाव नाही घातलं, घरच्या अडचणीसोबत तिचं नाव कशाला फिरवायचं. पावती वेगळी जोडली. खाली तिच्याच अक्षरात एक ओळ, 'काका, सगळे पेपर दिले.' ती वाचून सही करताना फार भरून आलं.