महोदया, कळविण्यात येते की…

आमच्या छापखान्यात नव्याने लागलेल्या मुलाने जुने मेल चाळून एक मसुदा केला आणि वाचायला माझ्यापुढे ठेवला. डोंबिवलीच्या एका संपादकबाईंचा दिवाळी अंक आमच्याकडे अडकला होता, त्याबद्दल त्यांना कळवायचं होतं.

‘महोदया, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आपल्या अंकाच्या वितरणात किंचित विलंब होण्याची शक्यता आहे. आपणास होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. गुणवत्ता, वेळ आणि विश्वास ही आमची त्रिसूत्री असून योग्य ती उपाययोजना करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही वाचून मला बाईंची काळजी वाटली, कारण यातून त्यांना काहीच कळणार नव्हतं. ‘महोदया’च्या जागी ‘महोदय’ आणि ‘अंकाच्या’च्या जागी ‘पत्रिकांच्या’ केलं, तर हाच मेल लग्नपत्रिका छापायला दिलेल्या वधूपित्यालाही चालला असता. मसुदा पारखायची माझी ही पहिली कसोटी. दुसरी, मोठ्याने वाचणं. वागळे इस्टेटमधून स्टेशनला जाताना शेअर रिक्षात मी तो पुटपुटत वाचला. ‘त्रिसूत्री’ ऐकून शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.

मूळ दुखणं ‘करण्यात येत आहे’ हे होतं. मराठीत या प्रयोगाची मोठी सोय आहे: काम होतं, पण करणारा गायब. ‘किंचित’ म्हणजे किती दिवस, ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण, हेही गायबच. माणूसपण आणायचं म्हणजे वर गोडवा शिंपडायचा, असं त्या मुलाला वाटत होतं. मी त्याला म्हटलं, “आधी काय झालं ते सांग.”

झालं होतं ते असं. १५०० मुखपृष्ठांपैकी ४०० वरचं लॅमिनेशन सुटलं होतं. यंदा ऑक्टोबरातही हवा दमट होती. वरून शाई सुकल्यासारखी दिसत होती, पण आत ओली होती, आणि ओल्या शाईवर फिल्म नीट धरत नाही. घाई मीच केली होती. एवढं कळल्यावर मेल लिहायला वेळ लागला नाही:

‘नमस्कार ताई,
अंक सोमवारी द्यायचा होता, तो पूर्ण मिळायला गुरुवार दुपार होईल. ४०० मुखपृष्ठांवरचं लॅमिनेशन सुटलं. शाई पुरती सुकायच्या आत मी फिल्म चढवायला दिली, चूक माझी आहे. ती मुखपृष्ठं पुन्हा छापली आहेत, बुधवार सकाळपर्यंत सुकू देतो. त्याचा खर्च बिलात लागणार नाही.
बाकीच्या ११०० प्रती मंगळवारी घेऊन येऊ का? वर्गणीदारांच्या प्रती तरी तुम्हाला पोस्टात टाकता येतील.’

विषयाच्या ओळीत आधी ‘दिवाळी अंकासंदर्भात’ होतं. तिथे ‘अंक गुरुवारी पूर्ण, ११०० प्रती मंगळवारी चालतील का?’ असं केलं. बाईंनी मेल उघडलाच नाही, तरी काम व्हावं.

‘मनःपूर्वक दिलगीर’ काढलं म्हणून मुलगा अस्वस्थ होता. पण ‘चूक माझी आहे’ म्हटल्यावर दिलगिरी वेगळी कशाला लिहायची? वर्गणीदारांचं वाक्य मात्र मी मुद्दाम ठेवलं. बाई दरवर्षी आधी टपालाच्या प्रती मागतात, मग दुकानांच्या. हे ज्याला माहीत आहे तोच ते वाक्य लिहू शकतो. आपलेपणा तेवढा पुरे.

कारण पुढे मी स्वतःच घसरलो होतो. अंकातली एक कथा फार आवडली, हेही मी लिहून टाकलं होतं. कथा खरंच आवडली होती, पण उशीर कळवताना केलेलं कौतुक लाच दिल्यासारखं वाटतं. ते खोडलं. ‘पुन्हा असं कधीच होणार नाही’ हेही खोडलं. दमट हवेची हमी मी कुठून देणार? मालकांनी ‘चूक माझी’वर बोट ठेवलं, लेखी कशाला देतोस म्हणून. मी म्हटलं, खर्च आपण सोसतोय म्हटल्यावर चूक कोणाची ते त्यांना कळणारच. ते हुं म्हणाले. मुलाची एक सूचना मी हसून फेटाळली: एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकवून ठेवू, म्हणजे हाताने लिहिल्यासारखं वाटेल. संपादकबाईंना!

तासाभरात उत्तर आलं. ‘मंगळवारी अकरानंतर या. गठ्ठे लहान बांधा, लिफ्ट बंद आहे.’