पांढरपिशीची पाच अंडी : चिमणीच्या खोक्यांचा तिसरा हंगाम

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की यंदा प्रत्येक खोक्यातली अंडी मोजून "जास्त पिल्लं म्हणजे आईबापाच्या जिवावर ताण" हे आपल्या डोळ्यांनी बघणार. बघितलं, पण दिसलं नेमकं उलटं. ते तसं का दिसलं हे कळायला मला अख्खा पावसाळा लागला, म्हणून ही नोंद उशिरा.

आधी हिशेब. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी तीन खोकी आहेत. एक उत्तरेच्या भिंतीला, शेजारच्या काकूंच्या परसबागेच्या अंगाला. दुसरं गॅलरीत. तिसरं पश्चिमेला, कुलरच्या स्टँडच्या वर. चिमणी रोज एक याप्रमाणे अंडी घालते. म्हणून सेल्फी स्टिकला मोबाईल लावून, ती बाहेर गेली की दोन दिवसांआड एक फोटो, एवढंच केलं. फोटोत अंडी वाढायची थांबली की तो आकडा पक्का. पुढे उबवणीचे अकरा-बारा दिवस आणि मग पंधरवडाभर पिल्लांना भरवणं, या काळात खोक्याजवळ गेलो नाही. खाली खुर्ची टाकून सकाळी तासभर नुसत्या फेऱ्या मोजल्या.

मार्चच्या विणीत उत्तरेच्या खोक्यात पाच अंडी, गॅलरीत चार, पश्चिमेला तीन. पाचातली चार पिल्लं उडाली, चारातली तीन, तीनातलं एक. म्हणजे जिने सगळ्यांत जास्त घातली तिचीच सगळ्यांत जास्त जगली. तिच्या डाव्या पंखात एक पांढरं पीस आहे, म्हणून ती हजारांत ओळखू येते. आमच्या घरात तिचं नाव पांढरपिशी. मागच्या वर्षीही तिने त्याच खोक्यात पाचच घातली होती. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो बाप्पा, पाच लेकरं! त्यायले भरवता भरवता मायच वाळून जाईन." मलाही तेच वाटलं होतं. पण माय वाळली नाही, यंदा ठणठणीत परत आली.

मग ताण कुठे गेला? आपल्यापैकी बरेच जण हेच विचारतात, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने 1947 मध्ये मांडलं, की पक्षी जास्तीत जास्त जितकी पिल्लं नीट जगवू शकतो तितकीच अंडी घालतो. जास्त घातली तर दर पिल्लाच्या वाट्याला येणारा चारा कमी होतो, ती हडकुळी निघतात आणि पुढे मरतात. पटण्यासारखंच आहे. पण नंतर अनेक जातींत मोजमाप झालं तेव्हा पक्षी या आकड्यापेक्षा कमी अंडी घालताना दिसले. लॅकच्या हिशेबात फक्त पिल्लं होती. आई पुढच्या वर्षी जिवंत राहून पुन्हा वीण करणार की नाही, ही बाजू त्यात नव्हती.

समजण्यासाठी कागदावर एक खेळ करा. आकडे माझ्या मनचे आहेत, खऱ्या चिमण्यांचे नाहीत. समजा चार अंड्यांच्या घरट्यातलं दर पिल्लू वर्षभर टिकण्याची शक्यता 0.28, आणि पाचाच्या घरट्यात 0.24. चाराला गुणलं तर 1.12 पिल्लं, पाचाला 1.20. लॅकच्या मते पाच जिंकले. आता आई जोडा. पिल्लात आईचा वारसा निम्मा असतो, म्हणून तिच्या खात्यात 0.56 आणि 0.60 धरू. चार वाढवून आई स्वतः जगण्याची शक्यता 0.53 आणि पाच वाढवून 0.47 असेल, तर बेरीज येते 1.09 आणि 1.07. चार जिंकले. पाचव्या पिल्लाने खात्यात 0.04 घातले आणि आईच्या आयुष्यातून 0.06 काढून घेतले.

हे कागदावर झालं. खरोखर आई मरते का, याचं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर नेदरलँड्समधल्या केस्ट्रेलचं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या शेतांवर एका जागी पंख फडफडवत थांबलेला छोटा शिकारी पक्षी दिसतो, तोच. सेर्ज दान, कोर डाइकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही घरट्यांत दोन पिल्लं जास्तीची ठेवली, काहींतून काढली आणि काही होती तशीच राहू दिली. जास्त तोंडं भरवायची म्हणून आईबापांचं रोजचं उडणं वाढलं. 1996 मध्ये त्यांनी, हे पक्षी पुढे मेले ते कधी, याचा हिशेब छापला. दोन पिल्लं वाढवून दिलेल्यांपैकी 60 टक्के पुढचा हिवाळा संपायच्या आत मेले होते. नेहमीइतकी किंवा कमी पिल्लं वाढवणाऱ्यांपैकी 29 टक्के. किंमत उन्हाळ्यात पडली आणि वसूल झाली ती हिवाळ्यापर्यंत. घरट्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या माझ्यासारख्याला ती दिसणार कुठून?

त्यांनी पिल्लं हलवली आणि मी नुसती मोजली, सगळा घोळ इथेच आहे. पांढरपिशीने पाच घातली ती तिच्या घरची परिस्थिती चांगली म्हणून. उत्तरेची सावली, खाली काकूंची वांगी आणि त्यावरच्या अळ्या. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा चालत नाही, किडेच लागतात, आणि तिला ते दहा हातांवर मिळतात. माझ्या वहीत तिच्या जोडीच्या तासाला सरासरी 17 फेऱ्या आहेत, पश्चिमेच्या जोडीच्या 9. पश्चिमेची तीन घालते कारण तिला तीनच झेपतात. ज्याचा पगार मोठा त्याचं घरही मोठं आणि शिल्लकही मोठी, म्हणून घर बांधायला पैसे लागत नाहीत असं कोणी म्हणेल का? पश्चिमेच्या खोक्यात दोन पिल्लं टाकून बघितली असती तर ताण दिसला असता. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलातल्या ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांवर असाच प्रयोग झाला. पेटिफर, पेरिन्स आणि मॅक्लिरी यांनी 1988 मध्ये दाखवलं, की प्रत्येक जोडीला तिने स्वतः घातलेला आकडाच सगळ्यांत फायद्याचा पडतो. मोठा घास घेणारीला मोठाच पचतो.

आणि आधीच सांगून ठेवतो, हा प्रयोग घरी करायचा नाही. रानपक्ष्यांची अंडी-पिल्लं परवानगीशिवाय हलवणं हा गुन्हा आहे.

दुसरी एक गोष्ट. किंमत दर वेळी मरणाचीच असते असंही नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर कॉलर्ड फ्लायकॅचर नावाच्या छोट्या पक्ष्यांना जास्तीची पिल्लं दिली तेव्हा मोठे पक्षी टिकले, पण पुढच्या विणींत त्यांची अंडी कमी झाली. हे वाचून मी धावत जाऊन वही उघडली. पांढरपिशीची मागच्या वर्षीची दुसरी वीण पाचाची होती, यंदाची दुसरी चाराची. अंगावर काटा आला खरा, पण एका चिमणीवर काय बोलणार? यंदा एप्रिलमध्ये काकूंनी वांगी उपटून टाकली होती, हेही त्याच पानावर लिहिलेलं आहे.

पश्चिमेच्या खोक्याचं मात्र माझं पाप. तिसऱ्या विणीची तीन पिल्लं नवतपात मेली. पत्र्याचं झाकण दुपारी हात लावू देत नव्हतं, आणि कुलर बाहेर गरम हवा टाकत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. उन्हाचा विचारच केला नाही. ती तीन मी हिशेबात धरलेली नाहीत, कारण त्यांचं मरण अंड्यांच्या आकड्याने आलेलं नव्हतं.

ते खोकं आता उतरवलंय. लाकडी दुहेरी छप्पर बसवून, जानेवारीत उत्तरेलाच, पहिल्यापासून चार हातांवर टांगेन. काकूंनी वांगी पुन्हा लावलीत. त्या जागी येणारी चिमणी तीनच घालते की चार, ते मार्चमध्ये कळवतो.